पुंजारामकाकांची कॉमेंट्री आणि चंद्राचं पाकीट

पुंजारामकाका स्वप्न सांगायला लागले की माझ्या मेडिकलसमोर रिक्षा थांबायच्या. खोटं नाही सांगत. सकाळची नऊ-सव्वानऊची वेळ असायची, मी नुकतंच शटर वर करून काउंटर पुसलेला असायचा आणि काका कोपर टेकवून सुरू व्हायचे.

"तर मंडळी, सुटली जोडी! अहो काय ते पळणं, काय ती धूळ! पांढराशुभ्र सर्जा, अंगावर गुलाल, डोळे असे लालभडक! लोकं दोन्ही अंगानं उभी, पाय ठेवाया जागा नाय. आन् बरोब्बर मधावर माझा आवाज बंद! तोंड उघडतोय, माईक हातात हाय, पण आवाजच नाय. आवाज बंद पडला तसा सर्जा फिरला. सरळ लोकांत घुसला, ताई. लेकरं, म्हातारी, कुणाला म्हणून सोडलं नाय."

खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस खोकायचा थांबायचा. शेजारचा पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून उभा. स्वप्न भयंकर होतं, पण सांगणारा माणूस असा होता की ऐकताना अंगावर काटा यायचा आणि वर मजाही वाटायची. मलाही वाटायची. हे मी आधीच कबूल करते, कारण पुढं जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे आणि तो मला लपवायचा नाही.

काका मूळचे पाचोडजवळच्या एका खेड्यातले. चिकलठाण्याच्या एका कंपनीत पंचवीस वर्षं स्टोअरमध्ये काढली, मुकुंदवाडीत दोन खोल्यांचं घर बांधलं. पण विचाराल की तुम्ही काय करता, तर कंपनीचं नाव काढणार नाहीत. "कॉमेंट्री करतो," म्हणणार. शंकरपटाची, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतींची कॉमेंट्री. बंदी उठल्यापासून पुन्हा गावोगाव पट भरायला लागले आणि काकांना श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. फुलंब्रीपासून पार बीडच्या हद्दीपर्यंत त्यांना बोलावणी. जोडी सुटल्यापासून घड्याळ थांबेपर्यंत असतात किती, सहा नाहीतर सात सेकंद. तेवढ्यात हा माणूस बैलाची आई, बैलाचा बाप, मालकाचं गाव, मागच्या पटाचा टाइम आणि वर एखादी कोपरखळी, एवढं सगळं बसवतो. असली जीभ मी दुसरीकडं पाहिली नाही.

मागच्या जूनमध्ये काकांना हार्ट अटॅक आला. छोटा होता, वेळेत दवाखान्यात नेलं, एक स्टेंट बसला. शहरातल्या हार्टच्या डॉक्टर मेघा मॅडमनी गोळ्यांची यादी लिहून दिली आणि ती यादी माझ्याकडं आली. गोळ्या सांभाळायचं काम आवडामावशींकडं. आवडाबाई म्हणजे काकांची बायको, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना वाचता येत नाही. अशा माणसांसाठी माझी एक पद्धत आहे. सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटावर मी बॉलपेननं सूर्य काढते, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. माझ्या चंद्राला नाक-डोळेही असतात. लोक कौतुक करतात आणि मला ते आवडतं.

मॅडमच्या यादीत मेटोप्रोलॉल सकाळी होतं. हृदयाची धडधड आवरणारी, हृदयावरचा ताण कमी करणारी गोळी, बीटा ब्लॉकर म्हणतात त्यातली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्याही सकाळी. रात्री फक्त कोलेस्टेरॉलची. सगळं सुरळीत चाललं होतं. नोव्हेंबरमध्ये पटांचा हंगाम लागला. काका पहाटे चारला घराबाहेर, आणि कधीकधी सकाळचं पाकीट घरीच राहायचं. मावशी माझ्याकडं आल्या. "ताई, निदान ती धडधडीची तरी रातच्याला टाका की. रातच्याला माझ्या नजरंसमोर असतेत."

मी म्हटलं, टाकू. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी, सकाळ काय आणि रात्र काय. मॅडमना फोन करायला हवा होता. नाही केला. सूर्याच्या पाकिटातनं गोळी काढली आणि चंद्राच्या पाकिटात घातली. वर दोन शहाणपणाचे शब्दही सांगितले, की चुकवण्यापेक्षा रात्री घेतलेली बरी.

दहा-बारा दिवसांत स्वप्नं सुरू झाली. पहिल्यांदा साधी होती. काका विहिरीत माईक शोधतायत, काका भर पटात लुंगीवर उभे. आम्ही हसलो. मग सर्जा आला. हा पांढरा बैल खरा आहे बरं का, पाचोडच्या गोकुळचा, त्या भागातला नामांकित. स्वप्नात तो दर दोन-तीन दिवसांनी यायचा आणि दर वेळी तसाच फिरायचा. काका दचकून उठायचे, मग सकाळपर्यंत टक्क जागे. जानेवारीत ते गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेले आणि म्हणाले, "झोप लागत नाय." एवढंच म्हणाले. स्वप्नाचं अवाक्षर काढलं नाही. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहिली, झोल्पिडेम, पंधरा दिवस. मी चिठ्ठी पाहिली, नियमाप्रमाणे वेगळ्या रजिस्टरात नोंद केली आणि गोळी कुठं घातली? चंद्राच्या पाकिटात. पंधरा दिवस संपल्यावर नवीन चिठ्ठी आली, तीही मी दिली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं शिकलेली बाई, समोर उभी राहून स्वप्नं ऐकते, तिच्या डोक्यात कसा प्रकाश पडला नाही? मी स्वतःला हेच विचारते, आणि चांगल्या शब्दांत विचारत नाही. कॉलेजात शिकले होते मी, की या जातीच्या गोळ्यांनी काहींना भडक स्वप्नं पडतात. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण काका स्वप्न असं सांगायचे की ते दुखणं वाटायचंच नाही, कार्यक्रम वाटायचा. कार्यक्रमाला कोण औषध शोधतं? काकांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं सांगता येत नव्हतं आणि आम्हाला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं ऐकता आलं नाही.

फेब्रुवारीतला शनिवार. पाचोडच्या पटाचा दिवस, आणि त्या पटात सर्जा पळणार होता. मी शटर उघडत होते तर काका हजर. हातात बालूशाहीचा पुडा, गळ्यात उपरणं, चेहरा लाल.

"घ्या ताई, तोंड गोड करा! स्वप्न बंद!"

"काय सांगता!"

"तीन दिस झाले. एक स्वप्न नाय, अर्धं नाय. आज आपुन ठणठणीत. सर्जा पळणार आन् म्या बोलणार. फायनलपर्यंत आवाज बंद पडायचा नाय."

बालूशाही माझ्या तोंडात आणि काका गोकुळनं पाठवलेल्या गाडीत. हात हलवत गेलेसुद्धा. मला इतका आनंद झाला की पंक्चरवाल्यालाही एक बालूशाही दिली. केवढी मूर्ख असू शकते मी!

पाऊण तास झाला असेल. आवडामावशी आल्या. डोळे खोल गेलेले, केस कसेबसे बांधलेले. त्यांनी पदराखालून चंद्राची पाकिटं काढून काउंटरवर ठेवली. भरलेली होती.

"ही आता नगं ताई. मालकांनी सोडली."

"सोडली म्हणजे?"

"बुधवारपासून घेत नायत. सकाळची चालू हायती, ही चंद्राची तेवढी बंद. म्हणले, ह्या पाकिटातच कायतरी हाय. आन् खरंच, तवापासून सपान नाय."

"मग झोप चांगली लागते ना?"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. "झोप? ताई, तीन रात्री डोळ्याला डोळा नाय. हितनं तिथं येरझारा. छातीवर हात ठिवला तर आत धाडधाड, धाडधाड. घाम येतोय. म्हणतेत, पटाचा आनंद हाय."

अहो, झोपलाच नाही तर स्वप्न पडणार कुठून! झोपेची गोळी एकदम सोडली म्हणून झोप उडाली आणि काकांनी त्याचा आनंद मानून बालूशाही वाटली. पण तो भाग निदान हसण्यावारी नेता आला असता. खरी भीती दुसऱ्या गोळीची होती. बीटा ब्लॉकर कधीच असं झटक्यात सोडायचं नसतं. इतके महिने हृदयाला लगाम होता, तो एका रात्रीत काढला की हृदय उसळतं. नाडी पळते, बीपी चढतं, आणि ज्याला आधी अटॅक येऊन गेलाय त्याला पुन्हा येऊ शकतो. नशीब एवढंच की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सूर्याच्या पाकिटात होत्या. आणि हा माणूस आत्ता कुठं होता? ऊन डोक्यावर घेऊन, माईक हातात धरून, पाच हजार माणसांसमोर ओरडायला निघाला होता.

"मावशी, अजून काय काय होत होतं? रात्री उठायचे का? चालायचे?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. "झोपंची गोळी चालू झाल्यापासनं उठायचे. डोळं मिटल्यालं. अंगणात उभं राहून अख्खी कॉमेंट्री करायचे. एकदा तर फाटकाची कडी काढून रस्त्याला लागले, म्या धरून आणलं. सकाळी कायबी ध्यानात नसायचं. लोक म्हणतील बाहेरचं लागलं, म्हणून कुणाला बोलले नाय. म्या आपली रोज दाराला पाठ लावून बसते. जवा उठतील तवा धरायचं."

"रोज? कधीपासून?"

"संक्रातीपासनं."

मला रडू आलं आणि रागही आला. राग स्वतःचा. मेघा मॅडमना फोन लावला आणि सगळं एका दमात ओकले, माझी चंद्र-सूर्याची अदलाबदलसुद्धा.

"विशाखा, नीट ऐक," त्या म्हणाल्या. "त्यांना आधी त्या माईकपासून बाजूला कर. छातीत दुखत असेल, जड वाटत असेल, दम लागत असेल तर कुठलाही विचार न करता अँब्युलन्स आणि जवळचं सरकारी रुग्णालय, ईसीजी लगेच. तिथल्या डॉक्टरांना सांग, मेटोप्रोलॉल तीन दिवस बंद आहे, आणि मला फोन लावून दे. तसं काहीच नसेल तर त्यांची नेहमीची गोळी लगेच दे आणि थेट माझ्याकडे घेऊन ये. झोपेची गोळी अजिबात द्यायची नाही, ती झोपेत चालवतेय त्यांना."

काकांचा फोन लावला, उचलेनात. पटाच्या गलक्यात फोन कुणाला ऐकू येतो? गोकुळचा लावला, तोही नाही. फार्मासिस्ट नाही तर दुकान चालू ठेवता येत नाही, म्हणून शटर खाली ओढलं, मावशींना स्कूटीवर मागं बसवलं आणि निघाले. झाल्टा फाटा, मग हायवे. मावशी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर बसलेल्या. आडूळपर्यंत त्यांनी माझी ओढणी मुठीत घट्ट धरली होती. पुढं त्याच म्हणायला लागल्या, "जरा पळीव की ताई, ट्रकवाले पुढं चाललेत!"

मैदान लांबूनच ऐकू आलं. काकांचा आवाज शेतांवरून येत होता. मी अख्खा रस्ताभर त्या आवाजाचीच वाट पाहत होते. म्हणजे अजून उभे आहेत. पण आवाज नेहमीचा नव्हता. वाक्य मध्येच तुटत होतं, दम लागत होता. गर्दी काही कळत नसल्यासारखी शिट्ट्या मारत होती. आम्ही दोघी माणसं ढकलत, बैलांच्या शेपट्या चुकवत, गुलालात न्हात स्टेजपाशी पोचलो. मी पायऱ्या चढून सरळ काकांचं मनगट धरलं. मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके. एरवी साठ-पासष्ट असायचे. अंग घामानं भिजलेलं, ओठ पांढरे.

"काका, छातीत कसं वाटतंय?"

माईकवर हात ठेवून ते म्हणाले, "जरा जड हाय. सकाळपासनं. अॅसिडिटी हाय ताई, बालूशाही लई खाल्ली."

"अॅसिडिटी नाही काका. खाली चला. पटासाठी ठेवलेली अँब्युलन्स खालीच उभी आहे."

"फायनल हाय आता! सर्जा जुपलाय, तिकडं बघा!"

पाहिलं. मैदानाच्या त्या टोकाला पांढरा बैल गुलालानं माखून उभा होता, चार माणसं त्याला आवरत होती. दोन्ही बाजूंना लोक. पुढं पोरं बसलेली, मागं बाया, लेकरं खांद्यावर. अगदी स्वप्नात सांगायचे तसं.

"ताई," काका हळूच म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा खरी भीती दिसली. कॉमेंट्री नव्हती, कार्यक्रम नव्हता, नुसती भीती. "म्या उतरलो तर आवाज बंद पडंल. आवाज बंद पडला की तो फिरतोय. म्या ते शंभरदा बघितलंय. ही लेकरं हायती समोर. म्या मेलो तरी चालंल, पर आवाज बंद पाडायचा नाय."

तेव्हा मला कळलं की हा माणूस तीन महिने काय घेऊन जगत होता. आम्ही ज्यावर हसलो, ते त्यानं खरं धरलं होतं. दोन पावलांवर लेकरं मरताना दर दोन-तीन रात्रींनी पाहत होता आणि सकाळी आम्हाला हसवत होता. मी त्याला काय सांगणार होते? की हे गोळीमुळं आहे? त्या क्षणी त्याला ते पटलं नसतं. मी नुसती मनगट धरून उभी राहिले.

आवडामावशी पुढं आल्या. पदर खोचला. नवऱ्याच्या हातातून माईक काढून घेतला.

"आवाज बंद पडायचा नाय," त्या म्हणाल्या. "म्या बोलते. तुमी गुमान खाली उतरा."

"तू? आगं तुला काय येतंय!"

"महिना झाला रोज रातच्याला ऐकतीय. मधावर तुमची जीभ अडखळती, तवा पुढचं मनात म्याच म्हणते."

आणि झेंडा पडला. जोडी सुटली. काका तोंड उघडून उभे, आणि माईकमधून बाईचा आवाज घुमला, आधी थोडा कापरा, मग खणखणीत: "सुटली बघा, सुटली जोडी! पाचोडच्या गोकुळचा सर्जा, पांढराशुभ्र, गुलालानं न्हालेला! आरं ए पोरांनो, मागं सरा, मागं! बघा पळतोय कसा, सरळ, सरळ, इकडं न तिकडं, आला, आला, आला रे आला!"

सर्जा सरळ गेला. घड्याळ थांबलं. सहा सेकंद आणि वर चाळीस पॉइंट. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शंकरपटाच्या माईकवर बाई आजवर कुणी ऐकलीच नव्हती. मग जी शिट्टी आणि टाळी उठली, त्यानं माझ्या कानठळ्या बसल्या. गोकुळ धावत येऊन मावशींच्या पाया पडला. मी तोवर काकांना अँब्युलन्सच्या पायरीवर बसवलं होतं. ते मागं वळून स्टेजकडं पाहत होते आणि गालावरून पाणी वाहत होतं.

"नाय फिरला, ताई," ते म्हणत होते. "नाय फिरला."

पाचोडच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला. पाच मिनिटं मी देवाला, बुद्धाला, कॉलेजातल्या मास्तरांना, सगळ्यांना हाका मारल्या. ईसीजीत नवीन अटॅकची खूण नव्हती. नाडी पळत होती, बीपी चढलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मेघा मॅडमशी फोनवर बोलून गोळी पुन्हा सुरू केली आणि काकांना शहरात पाठवलं. रात्रभर मॅडमनी लक्ष ठेवलं, रक्ताची तपासणी थोड्या तासांनी पुन्हा केली. सगळं ठीक निघालं. सकाळी नाडी बहात्तर. मी इतक्या मोठ्यांदा "बहात्तर!" ओरडले की नर्सनं मला बाहेर काढलं.

त्या दिवशी मॅडम काकांच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसल्या.

"पुंजारामजी, ही स्वप्नं तुम्ही कुणाकुणाला सांगितलीत?"

"सगळ्यांला की. मेडिकलवर, कटिंगच्या दुकानात, पटात."

"आणि मला?"

काका गोंधळले. "तुमाला? मॅडम, डॉक्टरला सपान कोण सांगतंय? डॉक्टरला दुखणं सांगायचं."

"हे दुखणंच होतं. मला सांगितलं असतंत तर तीन महिन्यांपूर्वीच गेलं असतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी शाळकरी पोरीसारखं ऐकलं. मेटोप्रोलॉल चरबीत विरघळणारं औषध आहे, त्यामुळं रक्तातून मेंदूत सहज शिरतं. शिवाय अशा गोळ्या शरीरातलं झोपेचं हार्मोन कमी करतात. म्हणून काही जणांची झोप तुटक होते आणि स्वप्नं भडक पडतात. सगळ्यांना असं होत नाही, बहुतेकांना काहीच होत नाही. रात्री घेतली की काहींना जास्त जाणवतं. स्वप्नानं झोप मोडली, म्हणून झोपेची गोळी आली. त्या गोळीनं स्वप्नं आणखी ठसठशीत झाली आणि वर झोपेत चालणं सुरू झालं. "एका औषधाचा त्रास झाकायला दुसरं औषध आलं," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही बैलाला दोष देत बसलात."

"आता दोन्ही बंद?" काकांनी आशेनं विचारलं.

"एक बंद, एक बदल. झोपेची गोळी बंद, आणि पुन्हा कधी कुणी लिहिली तर सांगायचं की या गोळीनं मी झोपेत चालतो. तुम्ही जेमतेम महिनाभर घेतलीत म्हणून चाललं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी अशी एकदम सोडायची नाही, डॉक्टरांनी हळूहळू कमी करायची असते. हृदयाची गोळी मात्र लागणारच. त्या जागी बायसोप्रोलॉल देते, ती मेंदूत त्या मानानं कमी जाते. सकाळी घ्यायची. पटाला जायचं असेल तर खिशात घेऊन जा. स्वप्नं एका दिवसात जाणार नाहीत, दोन-तीन आठवडे बघू. नाही गेली तर आणखी उपाय आहेत. पण स्वतःहून सोडायची नाही. भीती वाटली, त्रास झाला, फोन करायचा. अर्ध्या रात्री केलात तरी चालेल."

मग त्या माझ्याकडं वळल्या. मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळं आणखी वाईट वाटलं. "वेळ बदलताना मला एक फोन कर. एवढंच," म्हणाल्या. तेव्हापासून मी करते. त्या कधीकधी वैतागतात, तरी करते.

पहिले आठ दिवस झोप नीट लागली नाही, ते मॅडमनी आधीच सांगितलं होतं. काकांनी संध्याकाळचा चहा सोडला, अंथरुणात पडून मोबाईलवर पटाचे व्हिडिओ बघणं सोडलं. त्याबद्दल त्यांनी मॅडमच्या नावानं भरपूर कुरकुर केली. सर्जा त्या आठवड्यात दोनदा आला. दुसऱ्या आठवड्यात एकदा आला, पण लांब उभा होता म्हणे, चारा खात. मी रोज काउंटरवर विचारायचे आणि आता लिहून ठेवायचे, तारखेसकट. पंक्चरवाला म्हणाला, "ताई, पहिल्यासारखी मजा नाय राहिली." मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट ट्यूब पाण्यात बुडवायला गेला.

गेल्या गुरुवारी काका आले. सकाळचे नऊ वाजले होते. रिक्षावाला त्यांना पाहून थांबला, काही ऐकायला मिळेल म्हणून. काका अगदी काउंटरला चिकटले, वाकले, आणि कानात सांगतात तसं पुटपुटले, "ताई, दुधाची पिशवी कुठं मिळंल? च्या करायचाय."

"काका, डेअरी काय आज नवीन आहे का? आणि चहा तुम्ही कधीपासून करायला लागलात? मावशी कुठं आहेत?"

त्यांनी घाबरून बोट ओठांवर ठेवलं. घर तिथून दोन गल्ल्या लांब होतं.

"हळू बोला की," ते म्हणाले. "आवडा झोपलीय. काल आठाला आडवी झाली, आजून उठली नाय. म्या दोनदा श्वास बघितला."